उलटसुलट सारखीच समीकरणे: जाणे सोपे, परतणे अवघड

'ती होडी जाडी होती', 'रामाला भाला मारा', 'चिमा काय कामाची' ही वाक्ये मराठी शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी आहेत. शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करून उलटे वाचत आले तरी वाक्य तेच राहते, हीच त्यांची गंमत. (तिसऱ्या वाक्यात मात्र ऱ्हस्व-दीर्घाकडे थोडा काणाडोळा करावा लागतो.) बीजगणितातही अशी समीकरणे आहेत. त्यांतील सहगुणक डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, क्रम बदलत नाही. उदाहरणार्थ,

2x⁴ − 3x³ − x² − 3x + 2 = 0

या समीकरणाचे सहगुणक २, −३, −१, −३, २ असे आहेत. दोन्ही बाजूंनी वाचन सारखेच.

हे समीकरण चौथ्या घाताचे आहे. शाळेत वर्गसमीकरणाचे सूत्र शिकवले जाते. चौथ्या घाताचे सूत्र शिकवले जात नाही. ते अस्तित्वात नाही असे नव्हे. इटलीतील फेरारीने शोधलेली रीत कार्डानोने १५४५ साली आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केली. परंतु ती इतकी लांबलचक आहे की हाताने सोडवणारा माणूस शक्यतो तिच्या वाटेला जात नाही. सहगुणकांची ही उलटसुलट रचना दिसली, की मात्र त्या रीतीची गरजच उरत नाही. समीकरण निम्म्या घाताचे करता येते. ही युक्ती अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. गुण जातात ते बहुधा तिच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे सापडलेल्या उत्तरावरून मूळ समीकरणाकडे परत येताना.

मुळांच्या जोड्या

प्रथम युक्ती चालते कशामुळे, ते पाहू. वरील समीकरणात x च्या जागी 1/x ठेवले आणि नंतर सर्व पदांना x⁴ ने गुणले, तर सहगुणकांची यादी फक्त उलटी होते. पण ही यादी उलटी केली तरी तीच राहते. म्हणजे समीकरणही तेच राहते. याचा अर्थ असा, की एखादी संख्या समीकरणाचे मूळ असेल, तर तिची व्यस्त संख्याही मूळ असलीच पाहिजे. २ हे मूळ असेल तर १/२ हेही मूळ. मुळे एकेकटी येत नाहीत, जोडीने येतात, आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार १ असतो.

चार मुळे शोधण्याऐवजी दोन जोड्या शोधाव्यात, अशी कल्पना येथूनच सुचते. जोडीतील दोन संख्यांचा गुणाकार आधीच माहीत आहे. त्यांची बेरीज कळली की जोडी हाती आली. म्हणून अज्ञात संख्या म्हणून x न घेता ही बेरीजच घ्यायची:

y = x + 1/x

आता समीकरणाच्या सर्व पदांना मधल्या पदातील x² ने भागावे. x शून्य असू शकत नाही, कारण शून्य ठेवल्यास डावी बाजू २ येते; त्यामुळे हा भागाकार निर्धोक आहे. टोकांची पदे एकत्र व त्यांच्या आतली पदे एकत्र मांडली, की समीकरण असे दिसते:

2(x² + 1/x²) − 3(x + 1/x) − 1 = 0

दुसऱ्या कंसात y आहेच. पहिल्या कंसासाठी y चा वर्ग करून पाहावा. x + 1/x यांचा वर्ग x² + 2 + 1/x² होतो, कारण मधल्या पदात x आणि 1/x एकमेकांना छेदतात व केवळ २ उरतात. म्हणून x² + 1/x² = y² − 2. ही किंमत घातली की

2(y² − 2) − 3y − 1 = 0, म्हणजेच 2y² − 3y − 5 = 0

असे साधे वर्गसमीकरण मिळते. त्याचे अवयव (2y − 5)(y + 1) असे पडतात. म्हणून y ची किंमत ५/२ किंवा −१.

उत्तर येथे संपत नाही

येथे थांबणारे विद्यार्थी कमी नाहीत. पण ५/२ आणि −१ ही मूळ समीकरणाची मुळे नव्हेत, त्या जोड्यांच्या बेरजा आहेत. प्रत्येक बेरजेवरून तिची जोडी काढायची आहे. बेरीज y आणि गुणाकार १ असलेल्या दोन संख्या या पुढील वर्गसमीकरणाची मुळे असतात:

x² − yx + 1 = 0

y = 5/2 घेतल्यास 2x² − 5x + 2 = 0 मिळते आणि त्याची मुळे २ व १/२ येतात. अपेक्षेप्रमाणे ती एकमेकांच्या व्यस्त आहेत. y = −1 घेतल्यास x² + x + 1 = 0 मिळते. याचा विवेचक −३, म्हणजे ऋण आहे; वास्तव मूळ नाही. परंतु संमिश्र संख्यांत दोन मुळे आहेत: (−1 + i√3)/2 आणि (−1 − i√3)/2. यांचाही गुणाकार १ आहे, तेव्हा हीसुद्धा व्यस्तांची जोडीच. एकूण चार मुळे झाली. समीकरण चौथ्या घाताचे होते, तेव्हा हिशेब जुळला.

दुसरी जोडी 'उत्तर नाही' असे म्हणून खोडून टाकणे हीदेखील नेहमीची चूक. प्रश्नात वास्तव मुळेच विचारली असतील तर ती सोडून देणे योग्य. सर्व मुळे विचारली असतील तर अर्धे उत्तर राहून गेले.

पडताळा फसवा ठरतो तेव्हा

याहून घातक चूक मात्र अलीकडच्या टप्प्यात होते आणि ती सहज सापडत नाही. x² + 1/x² याच्या जागी घाईत नुसते y² लिहिले जाते, त्यातील 'वजा २' गळतात. मग वर्गसमीकरण 2y² − 3y − 1 = 0 असे येते. त्याची मुळे (3 + √17)/4 आणि (3 − √17)/4, म्हणजे सुमारे १.७८ आणि −०.२८. यावरून x काढले तर चारही मुळे संमिश्र येतात.

सावध विद्यार्थी येथे पडताळा घेतो. चौथ्या घाताच्या समीकरणात सर्व मुळांची बेरीज दुसऱ्या सहगुणकावरून कळते. येथे ती ३/२ हवी. चुकीच्या उत्तरातील मुळांची बेरीज किती? १.७८ आणि −०.२८ यांची बेरीज, म्हणजे नेमकी ३/२! सर्व मुळांचा गुणाकार १ हवा. तोही १ येतो. दोन्ही पडताळे बिनबोभाट उत्तीर्ण होतात आणि उत्तर तरीही साफ चुकीचे असते.

याचे कारण शोधले तर ते सरळ आहे. 'वजा २' गळल्याने y च्या समीकरणातील केवळ शेवटचे पद बदलते. y च्या दोन किमतींची बेरीज मात्र पहिल्या दोन पदांवरच ठरते, ती जशीच्या तशी राहते. गुणाकाराचे म्हणाल, तर प्रत्येक जोडी काढतानाच तो १ धरलेला असतो; त्यामुळे तो चुकीच्या उत्तरातही १ येणारच. जो पडताळा उत्तर काढण्याच्या कृतीतच गृहीत धरला आहे, तो काहीच तपासत नाही.

खरा पडताळा मूळ समीकरणातच घ्यावा लागतो आणि त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. x = 0 ठेवल्यास डावी बाजू २ येते. x = 1 ठेवल्यास सहगुणकांची नुसती बेरीज घ्यायची: २ − ३ − १ − ३ + २ = −३. धनावरून ऋणाकडे जाताना आलेख मध्ये कोठेतरी शून्यावरून गेला असलाच पाहिजे. म्हणजे ० आणि १ यांच्या दरम्यान एक वास्तव मूळ नक्की आहे. ज्या उत्तरात एकही वास्तव मूळ नाही, ते उत्तर येथेच बाद होते. खरे मूळ १/२ याच पट्ट्यात आहे.

दोनचा उंबरठा

वास्तव मुळे कधी मिळतात व कधी नाही, याला एक नेमकी सीमा आहे. x² − yx + 1 = 0 या समीकरणाचा विवेचक y² − 4 आहे. तो ऋण नसावा यासाठी y ची किंमत २ किंवा त्याहून अधिक, अथवा −२ किंवा त्याहून कमी असली पाहिजे. हीच गोष्ट विवेचकाविनाही पटते. कोणतीही धन संख्या घ्या आणि तिच्यात तिची व्यस्त संख्या मिळवा. बेरीज २ पेक्षा कमी येणे शक्य नाही. १ घेतल्यास बरोबर २ येते, २ घेतल्यास अडीच, १/१० घेतल्यास १०.१. ऋण संख्यांबाबत तेच, फक्त चिन्ह उलटे. −२ आणि २ यांच्या मधली y ची किंमत वास्तव x पासून येऊच शकत नाही.

हा उंबरठा विसरल्यास काय होते, याचे उत्तम उदाहरण १९७३ साली मॉस्को येथे झालेल्या पंधराव्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये सापडते. (भारतीय संघ या स्पर्धेत १९८९ पासून उतरू लागला आणि १९९६ मध्ये ती मुंबईत भरली.) मॉस्कोतील तिसरा प्रश्न असा होता: a आणि b या वास्तव संख्या असून

x⁴ + ax³ + bx² + ax + 1 = 0

या समीकरणाला किमान एक वास्तव मूळ आहे. तर a² + b² ची लहानात लहान किंमत किती?

सहगुणक १, a, b, a, १ असे आहेत. ओळख पटायला वेळ लागत नाही. x² ने भागून y घातला की y² + ay + b − 2 = 0 मिळते. ते थोडे फिरवून लिहिले तर

ya + b = 2 − y²

आता y ची एखादी किंमत मनात पक्की धरावी. a आणि b हे बिंदूचे दोन सहनिर्देशक मानले, तर वरील समीकरण प्रतलातील एक सरळ रेषा दाखवते. a² + b² म्हणजे त्या बिंदूच्या आरंभबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग. रेषेवरील कोणता बिंदू आरंभबिंदूला सर्वांत जवळ, एवढाच प्रश्न उरतो, आणि बिंदूपासून रेषेच्या लंबांतराचे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवले जाणारे सूत्र तेथे पुरते. त्यानुसार a² + b² ची त्या y साठीची लहानात लहान किंमत

(y² − 2)² / (y² + 1)

इतकी येते. ही राशी कमीत कमी करायची आहे. ज्याचे लक्ष फक्त सूत्राकडे असेल तो तत्काळ म्हणेल, की y² = 2 घ्या, अंश शून्य होतो, उत्तर ०. आणि तो फसेल. y² = 2 म्हणजे y सुमारे १.४१, उंबरठ्याच्या आतला. उत्तर ० याचा अर्थ a आणि b दोन्ही शून्य, म्हणजे समीकरण x⁴ + 1 = 0. कोणत्याही वास्तव संख्येच्या चौथ्या घातात १ मिळवून शून्य होणार नाही. प्रश्नातील 'किमान एक वास्तव मूळ' ही अटच मोडली.

अट पाळायची तर y² किमान ४ हवा. तेथून पुढे ही राशी वाढतच जाते. y² + 1 ला t म्हटले तर राशी t − 6 + 9/t अशी होते. y² = 4 असताना t पाच असतो आणि किंमत ४/५ येते; y = 3 घेतले तर तीच ४९/१० वर पोहोचते. म्हणून उत्तर ४/५. ती किंमत उंबरठ्यावरच, y = 2 किंवा y = −2 असताना मिळते.

y = 2 ची बाजू घेतली तर a = −4/5 आणि b = −2/5 येतात. सर्व पदांना ५ ने गुणल्यावर समीकरण असे होते:

5x⁴ − 4x³ − 2x² − 4x + 5 = 0

परतीचा प्रवास येथेही पूर्ण करून पाहण्यासारखा आहे. y चे समीकरण 5y² − 4y − 12 = 0, म्हणून y = 2 किंवा y = −6/5. पहिल्या किमतीवरून x² − 2x + 1 = 0, म्हणजे x = 1 हे मूळ दोनदा. उंबरठ्यावर जोडीतील दोन्ही संख्या अशा एकमेकींत मिसळून जातात, कारण १ ही स्वतःचीच व्यस्त आहे. दुसऱ्या किमतीवरून 5x² + 6x + 5 = 0, आणि त्याची मुळे (−3 + 4i)/5 व (−3 − 4i)/5. पायथागोरसच्या ३, ४, ५ या त्रिकुटाची भेट येथे व्हावी, हा योगायोग नव्हे.

वर्तुळावरची मुळे

y वास्तव असून उंबरठ्याच्या आत असेल, तेव्हा जोडीतील दोन संमिश्र संख्या एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असतात आणि त्यांचा गुणाकार १ असतो. त्यामुळे दोन्ही मुळे शून्यापासून बरोबर १ अंतरावर, म्हणजे त्रिज्या १ असलेल्या वर्तुळावर पडतात. (−३ + ४i)/५ हे मूळही त्याच वर्तुळावर आहे; ३² + ४² = ५² चा अर्थ तोच. स्वतः y च संमिश्र आला, तर मात्र हा नियम लावू नये.

या वर्तुळाचा उपयोग सुसम पंचकोनात दिसतो. पंचकोनाचे एक शिरोबिंदू १ या संख्येवर ठेवला तर पाचही शिरोबिंदू x⁵ = 1 या समीकरणाची मुळे असतात. १ हे मूळ बाजूला काढले की उरते

x⁴ + x³ + x² + x + 1 = 0

सहगुणक सगळेच १, तेव्हा उलटसुलट सारखेच. नेहमीची कृती केली की y² + y − 1 = 0 आणि त्यावरून y = (−1 ± √5)/2, म्हणजे सुमारे ०.६१८ आणि −१.६१८. सुवर्ण गुणोत्तराशी नाते सांगणाऱ्या या संख्या. दोन्ही उंबरठ्याच्या आत आहेत. परतीच्या वाटेवर पहिल्यापासून ०.३०९ ± ०.९५१i आणि दुसऱ्यापासून −०.८०९ ± ०.५८८i हे चार शिरोबिंदू मिळतात. ०.३०९ म्हणजे ७२ अंशांच्या कोनाची कोज्या. उत्तरात वर्गमुळांखेरीज काहीच नसल्यामुळे पंचकोन पट्टी व कंपास यांनी काढता येतो.

विषम घात आणि चिन्हांचा फेर

घात विषम असेल तर मधले पद नसते आणि सर्व मुळांच्या जोड्या लागत नाहीत. 2x⁵ − x⁴ − 4x³ − 4x² − x + 2 = 0 हे समीकरण पाहा. अशा वेळी −१ हे मूळ हमखास असते, कारण −१ ठेवल्यास समोरासमोरची पदे एकमेकांना रद्द करतात. (x + 1) ने भागले की वर सोडवलेले चौथ्या घाताचे समीकरणच उरते. शेवटी −१ ला यादीत परत घ्यायचे मात्र विसरू नये. मुळे पाच हवीत, चार नव्हे.

सहगुणक सारखे पण चिन्हे फिरलेली, असेही घडते. 2x⁴ − 3x³ − x² + 3x + 2 = 0 येथे 3x चे चिन्ह बदलले आहे. येथे y ची बेरीज चालणार नाही. x − 1/x ही वजाबाकी घ्यावी लागते, आणि तिच्या वर्गात २ वजा न होता मिळवायचे असतात. घाईघाईत नेहमीची कृती लावली तर समीकरण y मध्ये पूर्णपणे मांडताच येत नाही, हीच धोक्याची खूण.

निम्मा घात, त्यापलीकडे नाही

या युक्तीने घात निम्मा होतो, पण उरलेले समीकरण सुटेलच याची हमी मिळत नाही. सुसम सप्तकोनासाठी x⁷ = 1 मधून १ हे मूळ काढले की सहाव्या घाताचे समीकरण उरते. x³ + 1/x³ = y³ − 3y हे वापरले की ते y³ + y² − 2y − 1 = 0 असे तिसऱ्या घातावर येते. परिमेय मूळ असेल तर ते १ किंवा −१ असावे लागेल. १ ठेवल्यास −१ येतो आणि −१ ठेवल्यास १. म्हणजे परिमेय मूळ नाही, आणि अशा तिसऱ्या घाताच्या समीकरणाचे मूळ निव्वळ वर्गमुळांनी लिहिता येत नाही. फ्रान्सच्या वांझेलने १८३७ साली हे सिद्ध केल्यावर पट्टी व कंपासने सप्तकोन काढण्याचा प्रश्न निकालात निघाला. सतरा बाजूंचा सुसम बहुकोन मात्र काढता येतो, हे गाउसने १७९६ मध्येच, वयाच्या अठराव्या वर्षी दाखवले होते. तेथे सोळाव्या घाताचे समीकरण आठवर आणि पुढे चार व दोनवर उतरवता येते. अर्थात पहिल्या पायरीनंतरचे उतार x + 1/x ने नव्हे, मुळांचे आणखी बारकाईने गट पाडून साधावे लागतात.

अकरा बाजूंच्या बहुकोनात y चे समीकरण पाचव्या घाताचे येते. पाचव्या घातासाठी सर्वांना लागू पडणारे सूत्र नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ साली सिद्ध केले. तरीही हे विशिष्ट समीकरण अपवाद आहे. आबेलच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकातच, वांदरमोंद या फ्रेंच गणितज्ञाने त्याची पाचही उत्तरे मूळचिन्हांच्या साहाय्याने लिहून दाखवली होती.